आडव्या फोटोत जखमेचे ‘बारा’ कुठे?

मोबाइलवर काढलेला फोटो फोनमध्ये अगदी सरळ दिसतो. तोच एखाद्या अ‍ॅपवर किंवा संकेतस्थळावर चढवला की कुशीवर पडल्यासारखा आडवा होतो. परीक्षेच्या अर्जावरचा चेहरा किंवा सातबाराचा उतारा असा आडवा झाला, तर फार तर चिडचिड होते. मान वाकडी करून काम भागते. मात्र जखमेचा फोटो डॉक्टरांच्या पडद्यावर आडवा उमटला आणि तो आडवा आहे हे कुणाच्या लक्षातच आले नाही, तर गोष्ट वेगळी होते.

समजा, मधुमेह असलेल्या एका आजींच्या नडगीवर जखम आहे. तालुक्याहून शहरातल्या रुग्णालयात दर आठवड्याला जाणे जमत नाही, म्हणून नातू फोटो काढून रुग्णालयाच्या अ‍ॅपवर चढवतो. पहिल्या आठवड्यात त्याने फोन आडवा धरून फोटो काढला. दुसऱ्या आठवड्यात फोन उभा धरला. दोन्ही फोटो जवळून घेतलेले असल्यामुळे त्यांत गुडघाही नाही आणि पाऊलही नाही, दिसते ती फक्त जखम आणि भोवतालची कातडी. नातवाच्या फोनमध्ये दोन्ही फोटो सरळ आहेत. डॉक्टरांच्या संगणकावर मात्र पहिला सरळ आणि दुसरा आडवा उमटला आहे.

जखमेची नोंद ठेवताना डॉक्टर आणि परिचारिका घड्याळाची कल्पना वापरतात. रुग्णाच्या डोक्याकडची बाजू म्हणजे बारा, पायाकडची बाजू म्हणजे सहा. बारा ते सहा हे अंतर जखमेची लांबी, तर तीन ते नऊ हे अंतर तिची रुंदी. आजींची जखम पहिल्या आठवड्यात ४ सेंटिमीटर लांब आणि २ सेंटिमीटर रुंद होती. दुसऱ्या आठवड्यात ती प्रत्यक्षात साडेतीन सेंटिमीटर लांब आणि २ सेंटिमीटर रुंद झाली, म्हणजे थोडी सुधारली. पण आडव्या फोटोवरून मोजले, तर नोंद होईल २ सेंटिमीटर लांब आणि साडेतीन सेंटिमीटर रुंद. गुणाकार दोन्हीकडे ७ येतो, त्यामुळे क्षेत्रफळात चूक दिसत नाही. जखम लांबीत निम्मी झाली आणि रुंदीत पसरली, असे चुकीचे चित्र मात्र तयार होते.

याहून महत्त्वाची गोष्ट लालीची आहे. जखमेच्या वरच्या कडेला, म्हणजे बाराच्या बाजूला, लाली दिसू लागली असेल, तर संसर्ग पायावरून वर सरकतो आहे का, याकडे डॉक्टर बारकाईने पाहतात. आडव्या फोटोत हीच लाली नऊच्या जागी दिसते. म्हणजे गुडघ्याच्या दिशेने चाललेली लाली नुसती बाजूला आहे, असे वाटू शकते. चेहऱ्याचा फोटो आडवा झाला की लगेच कळते. कातडीच्या तुकड्याला मात्र वरची बाजू कोणती, हे सांगणारे काहीच नसते.

हे घडते कसे, ते समजण्यासाठी फोनच्या कॅमेऱ्यात डोकवावे लागते. प्रकाश टिपणारी चकती, म्हणजे सेन्सर, फोनमध्ये एकाच जागी पक्की बसवलेली असते आणि ती सहसा आडवी असते. तिच्यावरचे ठिपके ओळीओळीने, ठरलेल्या क्रमाने वाचले जातात. फोन उभा धरला तरी हा क्रम बदलत नाही. त्यामुळे उभ्या फोनने काढलेला फोटो मुळात आडवाच साठवला जातो.

मग फोनमध्ये तो सरळ कसा दिसतो? फोनमध्ये गुरुत्वाकर्षणाची दिशा ओळखणारा एक सूक्ष्म सेन्सर असतो. फोटो काढताना ‘खाली’ कुठल्या बाजूला आहे, हे तो सांगतो. फोन त्यावरून फोटोच्या फाइलमध्ये एक आकडा लिहून ठेवतो. १ म्हणजे फोटो आहे तसाच दाखवा. ३ म्हणजे तो उलटा आहे, पूर्ण फिरवा. ६ म्हणजे घड्याळाच्या काट्याच्या दिशेने पाव फेरा द्या आणि ८ म्हणजे उलट दिशेने पाव फेरा द्या. उरलेले चार आकडे आरशातल्यासारख्या उलट्या प्रतिमांसाठी आहेत आणि कॅमेऱ्याच्या फोटोंत ते क्वचितच आढळतात. उभ्या फोनने काढलेल्या फोटोत बहुतेक वेळा ६ हा आकडा असतो. फोनमधली गॅलरी हा आकडा वाचते, फोटो फिरवून दाखवते आणि आपल्याला काही कळतही नाही.

फोटोसोबत अशी माहिती लिहून ठेवण्याच्या पद्धतीला ‘एक्झिफ’ म्हणतात. जपानमधल्या इलेक्ट्रॉनिक्स उद्योगाच्या संघटनेने डिजिटल कॅमेऱ्यांसाठी ती १९९५ मध्ये ठरवली. तारीख, वेळ, कॅमेऱ्याचे नाव आणि सुरू ठेवले असल्यास ठिकाणही त्यात नोंदले जाते. फोटोच थेट फिरवून साठवला तर काय बिघडते, असा प्रश्न पडेल. १२ मेगापिक्सेलच्या फोटोत सव्वा कोटीच्या आसपास ठिपके असतात. ते सगळे नव्या जागी मांडायला वेळ आणि बॅटरी लागते, तर एक आकडा लिहायला जवळजवळ काहीच लागत नाही. लागोपाठ फोटो काढताना हा फरक जाणवतो. म्हणून फिरवण्याचे काम फोटो दाखवणाऱ्यावर सोपवले गेले.

गडबड होते ती या सोपवण्यात. काही अ‍ॅप तो आकडा वाचतच नाहीत. काही अ‍ॅप फोटो लहान करण्यासाठी तो नव्याने साठवतात आणि त्या वेळी सोबतची सगळी माहिती पुसून टाकतात. यामागचा हेतू बहुधा चांगला असतो: रुग्णाच्या घराचे ठिकाण फोटोतून बाहेर जाऊ नये. पण ठिकाणाबरोबर दिशेचा आकडाही पुसला जातो आणि ठिपके आडवेच राहतात. पहिल्या प्रकारातली चूक पुढे कधीही दुरुस्त करता येते, कारण आकडा फाइलमध्ये शिल्लक असतो. दुसऱ्या प्रकारात तो कायमचा गेलेला असतो. मग कुणीतरी डोळ्यांनी पाहून प्रत्येक फोटो सरळ करणे, एवढाच मार्ग उरतो आणि कातडीच्या फोटोत तोही नसतो.

तिसरा प्रकार दुहेरी फिरवण्याचा. अ‍ॅप ठिपके फिरवून फोटो सरळ करते, पण ६ हा आकडा तसाच ठेवते. पुढचा प्रामाणिक कार्यक्रम तो आकडा वाचतो आणि सरळ झालेला फोटो पुन्हा फिरवतो. मग फोटो दुसऱ्या कुशीवर पडतो आणि आजींच्या जखमेचे बारा तीनवर जातात. २०२० च्या सुमारास प्रमुख ब्राउझर संकेतस्थळांवरचे फोटो हा आकडा वाचून आपणहून सरळ दाखवू लागले. त्याआधी स्वतःच फोटो फिरवण्याची सोय करून ठेवलेल्या काही संकेतस्थळांवर नेमका हा दुहेरी घोळ झाला.

प्रत्येक वेळी दोष अ‍ॅपचाच असतो, असेही नाही. पाय पलंगावर ठेवला आहे आणि नातू वरून, फोन जमिनीला समांतर धरून फोटो काढतो आहे, अशी कल्पना करा. आता गुरुत्वाकर्षणाची दिशा फोनच्या पडद्यातून आरपार जाते. फोनच्या चारही कडा सारख्याच उंचीवर असल्यामुळे वरची कड कोणती, हे त्या सेन्सरला कळू शकत नाही. फोन सहसा आधीचाच अंदाज कायम ठेवतो आणि तो चुकीचा असू शकतो. टेबलावर ठेवलेल्या कागदांचे फोटो अनेकदा आडवे येतात, ते याच कारणाने.

दोष कुणाचा, हे ओळखणे सोपे आहे. फोनच्या गॅलरीतच फोटो आडवा दिसत असेल, तर आकडा चुकीचा लिहिला गेला आहे. गॅलरीत सरळ आणि चढवल्यावर आडवा दिसत असेल, तर अ‍ॅपने आकडा दुर्लक्षिला किंवा पुसला आहे. पहिल्यासाठी उपाय असा: वरून फोटो काढताना फोन किंचित तिरका करावा, कॅमेऱ्याच्या पडद्यावरची चिन्हे योग्य दिशेला वळली की मगच बटण दाबावे. दुसऱ्यासाठी गॅलरीत फोटो फिरवून पुन्हा चढवण्याचा प्रयत्न बरेच जण करतात, पण तो दर वेळी लागू पडत नाही. काही गॅलऱ्या ठिपके हलवत नाहीत, फक्त आकडा बदलतात आणि अ‍ॅप तोच आकडा पुन्हा दुर्लक्षिते. सरळ दिसणाऱ्या फोटोचा स्क्रीनशॉट घेतला, तर त्यातले ठिपके खरोखर सरळ असतात. मात्र त्यात पडद्यावर मावतील तेवढेच ठिपके येतात. अर्जाला ते चालते, पण जखमेचा बारीक तपशील त्यात हरवू शकतो.

अ‍ॅप बनवणाऱ्यांसाठी उपाय ठरलेला आहे, फक्त क्रम चुकता कामा नये. फोटो येताच आधी आकडा वाचायचा. मग त्यानुसार ठिपके फिरवायचे आणि आकडा १ करायचा. त्यानंतरच ठिकाण वगैरे उरलेली माहिती पुसायची. चाचणीही साधी आहे. फोन चारही बाजूंनी धरून एकाच वस्तूचे चार फोटो काढायचे, चढवायचे, आणि ते फोनवर, संगणकावर आणि छापील अहवालात चारही सरळ येतात का, ते पाहायचे. एकाच बाजूने धरून केलेली चाचणी पुरेशी नसते, कारण फोन आडवा धरला की आकडा १ असू शकतो आणि आकडा न वाचणारे अ‍ॅपही त्या चाचणीत पास होते.

तोपर्यंत आजींच्या नातवाला एक गोष्ट करता येईल आणि ती कुठल्याही अ‍ॅपवर अवलंबून नाही. कागदाच्या एका पट्टीवर बाण काढायचा, त्यावर ‘डोक्याकडे’ असे लिहायचे, तारीख घालायची आणि शेजारी सेंटिमीटरची पट्टी ठेवायची. दोन्ही जखमेजवळ, पण तिला न टेकवता ठेवून मग फोटो काढायचा. शक्य असेल तर आणखी एक फोटो थोडा लांबून, गुडघा आणि पाऊल दोन्ही दिसतील असा काढायचा. फाइलमधला आकडा पुसला गेला, तरी कागदावरचा बाण फोटोतच राहतो. फोटो कसाही पडला, तरी डॉक्टरांना बारा कुठे आहेत ते त्यावरून समजते.