हप्ता चुकण्याआधी बँकेत

पुढच्या महिन्याचा हप्ता जमणार नाही, हे कारखानदाराला बँकेच्या बरेच आधी कळलेले असते. तरीही तो बँकेत जात नाही. आधी उसनवारी होते, मग घरातले सोने गहाण पडते आणि एक दिवस खात्यात पैसे नसल्याने हप्ता परत जातो. माझ्या मते खरे नुकसान या दोन महिन्यांच्या गप्प बसण्यात होते.

बँकेचे घड्याळ हप्त्याच्या तारखेपासून सुरू होते. थकबाकी तीस दिवसांपर्यंतची असली तर खाते लक्ष ठेवण्याच्या पहिल्या गटात, साठपर्यंत दुसऱ्या आणि नव्वदपर्यंत तिसऱ्या गटात जाते. नव्वद दिवस उलटले की ते एनपीए होते. त्यानंतर तारण ठेवलेल्या मालमत्तेसाठी सरफेसी कायद्याखाली साठ दिवसांची नोटीस येऊ शकते. पहिल्या गटातल्या माणसाला शाखाधिकारी खुर्ची देऊन बोलतो. नोटीस निघाल्यावर बोलणे वसुली विभागाशी होते.

एक उदाहरण घेऊ. भोसरीत पावडर कोटिंगचे छोटे युनिट आहे. यंत्राच्या कर्जाचे १२ लाख रुपये बाकी आहेत, व्याज ११ टक्के, हप्ते ३६ उरलेले आणि हप्ता सुमारे ३९,३०० रुपयांचा. मोठ्या ग्राहकाने काम कमी केले. आता महिन्याला २ लाख १० हजार जमा होतात. पावडर, पगार, वीज आणि भाडे यांत १ लाख ७५ हजार जातात, घरखर्चाला २० हजार. उरतात १५ हजार.

अशा वेळी बहुतेक जण बँकेला सांगतात, ‘साहेब, २५ हजार तरी भरतोच.’ हा आकडा हिशेबातून नाही, संकोचातून आलेला असतो. दोन महिन्यांत तो मोडतो आणि मोडलेल्या शब्दानंतर दुसरा अर्ज कोणी गांभीर्याने वाचत नाही.

१२ लाखांचे महिन्याचे व्याज ११ हजार होते. म्हणून अर्जात मागायचे ते असे: ‘पहिले सहा महिने फक्त व्याज, म्हणजे ११,००० रुपये, भरतो. त्यानंतर मुद्दल ४८ हप्त्यांत, सुमारे ३१,००० रुपयांप्रमाणे फेडतो.’ हातात ४ हजार शिल्लक राहतात. एखादे बिल आठवडाभर उशिरा आले तर तेवढाच आधार असतो. सातव्या महिन्यापासून ३१ हजार कुठून येणार, हेही दाखवावे लागते: नव्या ग्राहकाची ऑर्डर, तिची रक्कम, पैसे कधी मिळणार. या ऑर्डरमुळे महिन्याला ३८ हजार उरणार असतील, तर हप्ता ३१ हजारच मागावा, ३८ हजार नाही. नुसते ‘बाजार सुधारेल’ लिहिले तर अर्ज तिथेच पडून राहतो.

याची किंमत आहे, ती डोळे उघडे ठेवून मोजावी. जुन्या हिशेबाने उरलेले हप्ते मिळून १४ लाख १४ हजार गेले असते, नव्याने १५ लाख ५५ हजारांच्या आसपास जातील. सवलतीच्या काळातही व्याज थांबत नाही. पुनर्रचनेची नोंद सिबिलमध्ये दिसते आणि पुढचे कर्ज काही काळ अवघड होते. नियमाप्रमाणे पुनर्रचना झालेले कर्ज बँकेला बहुतेक वेळा एनपीए दाखवावे लागते. शाखाधिकारी कचरतो त्याचे मोठे कारण हेच, म्हणून त्याच्या हातात वर पाठवण्याजोगा कागद देणे भाग आहे. जामीनदारालाही आधीच विश्वासात घ्यावे, कारण अटी बदलल्या की त्याची संमती लागते.

अर्जाला एक पान पुरते. अडचण कधी व कशाने आली, महिन्याची जमा-खर्चाची आकडेवारी, मागणी आणि ऑर्डरचा पुरावा. सोबत बारा महिन्यांचे बँक स्टेटमेंट, जीएसटी विवरणे आणि येणे बाकीची यादी. स्टेटमेंटमध्ये दिसणारी जमा आणि अर्जातली जमा जुळली पाहिजे, अधिकारी पहिल्यांदा तेच ताडून पाहतो.

लघुउद्योजकासाठी आणखी एक आधार आहे. केंद्राच्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग मंत्रालयाने २०१५ मध्ये अडचणीतल्या उद्योगांच्या पुनरुज्जीवनाची चौकट अधिसूचित केली. ती बँकांवर बंधनकारक असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये सांगितले. त्याच निकालात उद्योजकालाही बजावले, की खाते एनपीए होण्याआधी आपण या गटात येतो हे त्याने कागदपत्रांसह बँकेला कळवायला हवे. म्हणून अर्जाला उद्यम नोंदणीचे प्रमाणपत्र जोडावे आणि या चौकटीचा उल्लेख करावा.

अर्ज दोन प्रतींत न्यावा. दुसऱ्या प्रतीवर शाखेचा शिक्का, तारीख आणि घेणाऱ्याची सही मिळेपर्यंत काउंटरवरून हलू नये. शिक्का नीट उमटला नाही तर पुन्हा मारून घ्यावा. लेखी मंजुरी हाती येईपर्यंत जुनाच हप्ता लागू असतो, म्हणून त्या दरम्यान ११ हजार तरी खात्यात भरत राहावे. थकबाकीचे दिवस तेवढ्याने थांबत नाहीत, पण प्रस्तावातला आकडा झेपतो, हे अर्ज वाचणाऱ्याला स्टेटमेंटच्या पुढच्या ओळीतच दिसते.