वाइबचा बेल्ट मिळतो, दिवा मिळत नाही

सेकंडहँड गाड्यांच्या बाजारात महिंद्राची ‘व्हेरिटो वाइब’ बरीच स्वस्त मिळते, आणि तरी घ्यायला लोक कचरतात. “पार्ट कुठून आणायचे?” हा पहिला प्रश्न. गाडी २०१३ मध्ये आली, फारशी खपली नाही आणि बंद झाली. भीती रास्त वाटते, पण ती अर्धीच खरी आहे.

वाइब म्हणजे व्हेरिटोचीच शेपूट छाटलेली आवृत्ती. चार मीटरच्या आतल्या गाड्यांना अबकारी करात सवलत होती, म्हणून डिकी आखूड केली. पुढचा भाग, इंजिन, गिअरबॉक्स, चाकांमधलं अंतर, सगळं व्हेरिटोचंच राहिलं. व्हेरिटो ही मूळची रेनोची लोगन. महिंद्राने ती २००७ पासून रेनोच्या भागीदारीत विकली आणि भागीदारी संपल्यावर २०११ मध्ये नाव बदललं. नाशिकला बनणारी ही गाडी टॅक्सीवाल्यांनी भरपूर वापरली. टॅक्सी वर्षभर पळते, त्यामुळे तिचे ब्रेक पॅड, क्लच प्लेट, सस्पेन्शनचे बुश सतत बदलावे लागतात आणि दुकानदार ते हाताशी ठेवतो. वाइबवाल्याला हा साठा आयताच मिळतो.

इंजिनाचं कुटुंब तर याहून मोठं. रेनोचं १,४६१ सीसीचं ‘के-नाइन-के’ डिझेल इंजिन वाइबमध्ये आहे, तसंच डस्टर, निसान टेरानो, सनी आणि मायक्रामध्येही. मायक्रा आणि सनीची रेनोच्या बिल्ल्याची जुळी भावंडं, पल्स आणि स्काला, यांच्यातही तेच. पल्स आणि स्काला रस्त्यावर क्वचितच दिसतात. डस्टर मात्र गावोगाव आहे. एखादा भाग बनवायचा तर साचा, चाचण्या, साठवण हा खर्च आधीच होतो, मग तो हजार गाड्यांवर वाटला जावो की लाखावर. गिऱ्हाईक मोठं असलं की कंपनीबाहेरचे उत्पादकही तो भाग बनवू लागतात आणि किंमत खाली येते. दुर्मीळ गाडीचा मालक दुसऱ्यांच्या खपावर स्वस्तात निभावतो.

या इंजिनाला टायमिंग चेन नाही, बेल्ट आहे. तो तुटला तर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात आणि दुरुस्ती थेट हेड उघडण्यापर्यंत जाते. म्हणून बेल्ट मुदतीआधी बदलावा. पाण्याचा पंपही याच बेल्टवर फिरतो, तेव्हा बेल्ट, टेन्शनर आणि पंप एकदमच बदललेले बरे. डस्टरवर हात बसलेल्या मेकॅनिकला वाइबचं हे काम नवं नसतं. कॅमशाफ्ट आणि क्रँकशाफ्ट जागेवर अडकवायच्या पिना त्याच्याकडे असतात. मजुरी वाचते ती इथे. अनोळखी इंजिन उघडणारा आपला शिकण्याचा वेळही बिलात लावतो.

पण ‘इंजिन तेच’ एवढ्यावर विसंबून भाग आणू नये. वाइबचं इंजिन साधारण ६५ अश्वशक्तीचं. डस्टरमध्ये ८५ आणि ११० अशा दोन पायऱ्या होत्या. ११० वाल्याचा टर्बो वेगळ्या जातीचा, पाती हलवून हवेचा मारा बदलणारा. तो इथे चालणार नाही. काही इंजेक्टरांवर त्यांचा स्वतःचा कोड छापलेला असतो आणि बसवल्यावर तो इंजिनाच्या कंप्युटरमध्ये भरावा लागतो. भंगारातून आणलेला इंजेक्टर कोड न भरता लावला, तर गाडी सुरू होईलही. पण आयडलिंगला थरथरेल, धूर सोडेल, आणि मालक पंपाला दोष देत बसेल.

खात्री करायची ती पार्ट नंबरावरून. जुना भाग काढल्यावर त्यावरचा नंबर पुसून वाचावा, किंवा चासी नंबर देऊन कॅटलॉगमध्ये पाहावा. रेनो आणि निसान यांच्या नव्या क्रमांकांत पहिले पाच आकडे भागाचा प्रकार सांगतात. ऑइल फिल्टरचा नंबर दोघांकडेही १५२०८ ने सुरू होतो. मात्र हे पाच जुळले म्हणजे फिल्टर जुळला असं नाही. बदली नंबर कॅटलॉगच सांगतो. तो हाती आला की एकच भाग वेगवेगळ्या बिल्ल्यांच्या खोक्यांत काय भावाने मिळतो, तेही विचारून घ्यावं. फरक पडतो.

आता छाटलेली शेपूट. मागचे उभे दिवे, मागचं दार, मागची काच, बंपर हे फक्त वाइबचे. व्हेरिटोचेही लागत नाहीत. यांना टॅक्सीचा आधार नाही, डस्टरचा नाही, आणि थोड्या गाड्यांसाठी साचा टाकायला बाहेरचा उत्पादक येत नाही. मग उरतो भंगार बाजार, मुंबईत कुर्ल्यासारखा. तिथेही एखादी वाइब मोडीत निघाली असेल तरच. विमा उतरवताना याचा विचार करावा: गाडीची विमा-किंमत कमी आणि दुरुस्तीचा खर्च त्या किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेला, तर कंपनी गाडी ‘टोटल लॉस’ धरते. उत्तम इंजिनाची वाइब पार्किंगमध्ये मागून बसलेल्या धक्क्याने भंगारात जाऊ शकते. घेताना बॉनेट उघडून पाहतोच आपण. या गाडीत आधी मागे जाऊन दिवे आणि काच तपासावी, आणि एक सुटा दिवा कुठे दिसला तर गरज नसतानाही उचलावा.