वीस रुपयांच्या फिल्टर कॉफीचा हिशेब

रस्त्याकडेच्या गाडीवर फिल्टर कॉफी विकणाऱ्याला एका कपाला खर्च किती येतो असं विचारलं, तर बहुतेकदा उत्तर मिळतं, ‘आठ-नऊ रुपये असेल.’ पूड, दूध आणि साखर यांपुरता हा अंदाजही थोडा कमीच असतो. आणि गॅस, कप, पातेल्यात उरलेलं दूध हे त्यात सहसा धरलेलंच नसतं.

एक गाडी नजरेसमोर धरू. दिवसाला १० लिटर दूध, पितळी फिल्टर, दोन शेगड्या, कागदी कप आणि २० रुपये दर. भाव गावोगाव आणि महिन्यागणिक बदलतात, म्हणून इथले भाव हिशेबापुरते धरलेले आहेत. आपले भाव घालून हा हिशेब कुणालाही करता येईल.

सुरुवात पुडीपासून. १०० ग्रॅम पुडीवर ७०० मिलिलिटर उकळतं पाणी ओतलं, तर खाली ७०० मिलिलिटर डिकॉक्शन कधीच उतरत नाही. पूड स्वतःच्या वजनाच्या दुपटीच्या आसपास पाणी धरून ठेवते, त्यामुळे हाती येतं साधारण अर्धा लिटर. कपाला २५ मिलिलिटर घातलं की वीस कप होतात, म्हणजे कपाला ५ ग्रॅम पूड. ऐंशी-वीस मिश्रणाची, म्हणजे ८० टक्के कॉफी आणि २० टक्के चिकोरी असलेली पूड किलोला ८०० रुपये धरली, तर हे झाले ४ रुपये. चिकोरी वाढवली की डिकॉक्शन काळं आणि दाट दिसतं, पूड स्वस्त पडते. मात्र रंग आला तरी वास येत नाही, आणि रोजच्या गिऱ्हाइकाला हा फरक आठवड्याभरात कळतो. मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के असावी असा नियम आहे, आणि पाकिटावर प्रमाण छापलेलं असतं. सुटी पूड घेणाऱ्याने ते दुकानदाराला विचारूनच घ्यावं.

खरा खर्च दुधाचा. १०० मिलिलिटर कॉफीत ७५ मिलिलिटर दूध जातं. लिटरला ७० रुपये धरले तर कागदावर सव्वापाच रुपये होतात. पण दूध दिवसभर शेगडीवर असतं. वाफ होते, साय पातेल्याच्या कडांना धरते, थोडं उतू जातं. सकाळी ओतलेल्या १० लिटरमधलं कपांत पोचतं ९ लिटरच्या आसपास. त्याचे १२० कप. म्हणजे ७०० रुपयांचं दूध भागिले १२०, कपाला ५ रुपये ८३ पैसे. यात एक गंमत आहे. वाफ होऊन जातं ते निव्वळ पाणी, दुधाचा कस पातेल्यातच राहतो. तेव्हा आटलेल्या दुधात आटलं तेवढंच उकळतं पाणी परत घातलं, तर ती भेसळ होत नाही, दूध मूळ पदावर येतं. काही गाडीवाले हे करत नाहीत, कारण त्यांच्या गिऱ्हाइकाला आटीव दुधाचीच चव हवी असते. मग त्या चवीची किंमत धरायला हवी.

त्याच वाफेने गॅसही खाल्लेला असतो. एक लिटर दूध उकळीला आणायला साधारण ७० किलोकॅलरी उष्णता लागते, तर एक लिटर पाण्याची वाफ करायला ५४० च्या आसपास. ज्योतीची निम्मी उष्णता भांड्यात पोचते असं धरलं, तर १० लिटर दूध आणि डिकॉक्शनचं पाणी एकदा उकळायला जेमतेम १७० ग्रॅम गॅस पुरतो. आपल्या गाडीवर मात्र दिवसाला एक किलो गॅस जातो, म्हणजे १९ किलोचं व्यावसायिक सिलिंडर १९ दिवस चालतं. बाकीचा गॅस जातो दूध गरम ठेवण्यात, रटरटत्या पातेल्यातल्या वाफेत आणि वाऱ्यावर. सिलिंडर १,८०० रुपयांना धरलं तर दिवसाचे ९५ रुपये, कपाला ७९ पैसे. शेगडीला तीन बाजूंनी पत्र्याचा आडोसा केला, आणि उकळलेलं दूध नळाच्या थर्मास-पिंपात काढून ठेवलं, तर हा खर्च उतरतो. ज्योत पिवळी होऊन पातेल्याच्या बुडाला काजळी धरू लागली, तर बर्नर साफ करायची वेळ झाली आहे. घरगुती १४.२ किलोचं सिलिंडर गाडीवर लावणं बेकायदा आहे, तेव्हा त्याचा भाव हिशेबात धरू नये.

कप ७० पैशांचा. फाटलेले, दोन-दोन एकात घालून मागितलेले धरून १२० कॉफींमागे १३० कप जातात. ते झाले ९१ रुपये. पण कपाची किंमत त्याच्या कागदात नाही, मापात आहे. थोडा मोठा कप घेतला आणि हात सैल सुटून दर कपात १० मिलिलिटर दूध जास्त पडलं, तर ७८ पैसे गेले, म्हणजे कपाच्या किमतीहून जास्त! म्हणून जुने कॉफीवाले दूध अंदाजाने ओतत नाहीत, मापाचं ओगराळं ठेवतात. वर फेस आणायला उंचावरून ओतणं हा त्यातलाच भाग. कप भरलेला दिसतो आणि दूध मापातच राहतं.

साखर दिवसाला किलोभर, ४५ रुपये. आता बेरीज: दूध ७००, पूड ४८०, गॅस ९५, कप ९१, साखर ४५. एकूण १,४११ रुपये. १२० कपांवर वाटले की कपाला ११ रुपये ७६ पैसे.

वीसमधून पावणेबारा गेले, सव्वाआठ उरले, म्हणून दर कपामागे सव्वाआठ रुपये सुटले असं समजणं चुकीचं. जागेचं भाडं, पाण्याचे जार, गाडीची डागडुजी मिळून रोज ३०० धरा, आणि मालकाची स्वतःची मजुरी ६००. ही मजुरी धरायला गाडीवाले विसरतात, आणि मग दिवसभर राबून गल्ल्यात उरलं त्यालाच नफा म्हणतात. सगळं मिळून २,३११ रुपये यायला हवेत. वीसच्या दराने त्यासाठी ११६ कप विकावे लागतात. सकाळीच दहाच्या दहा लिटर तापवलं आणि दुपारी पाऊस आला, तर ते दूध विकलं गेलं नाही तरी त्याचे पैसे गेलेलेच असतात. चार-चार लिटर तापवणारा गाडीवाला इथेच पुढे निघतो. किती कप खपले ते रात्री गल्ल्यावरून न मोजता रिकाम्या कप-पाकिटांवरून मोजावं. दोन आकड्यांत मोठी तफावत आली, तर उधारी, फुकट दिलेले कप किंवा गडी यांच्याकडे बघावं लागतं.

आता भाववाढ. दूध लिटरला २ रुपयांनी वाढलं तर कपाला १७ पैसे वाढतात. पूड किलोला २०० रुपयांनी वाढली तर पूर्ण एक रुपया. दुधाचा वाटा मोठा असला, तरी हेलकावे कॉफीचे जबर असतात. ब्राझील आणि व्हिएतनाममधल्या दुष्काळानंतर २०२५ च्या सुरुवातीला अरेबिकाचे जागतिक भाव विक्रमी पातळीवर गेले, आणि चिकमगळूर-कोडगूच्या बियांचे भावही चढले. तेव्हा अनेकांनी दर तसाच ठेवून चिकोरी वाढवली.

त्यापेक्षा दर वाढवणं बरं. २५ रुपयांना तेच २,३११ रुपये ९३ कपांत येतात. म्हणजे रोजची २३ गिऱ्हाइकं तुटली तरी गाडी पूर्वीच्याच जागी असते, आणि दूधही तेवढं कमी घ्यावं लागतं. कचेऱ्यांच्या गल्लीत हे जमतं. कॉलेजच्या फाटकापाशी, जिथे शेजारी चहा दहा रुपयांना मिळतो, तिथे दर न वाढवता कप लहान करावा, पूड मात्र तीच ठेवावी.