अनुवादाआधी विचारायचा प्रश्न आणि त्याची नोंद

दोन अर्थ निघणारे वाक्य अनुवादकापर्यंत पोहोचते, तेव्हा ते लिहिणाऱ्याला बहुतेकदा एकाच अर्थाचे वाटत असते. त्याच्या मनात जे होते तेच त्याला कागदावर दिसते. दुसरा अर्थ प्रथम दिसतो तो अनुवादकाला, कारण वाक्य दुसऱ्या भाषेत नेताना त्याचा प्रत्येक सांधा सोडवून पुन्हा जुळवावा लागतो.

औषधाच्या चाचणीत भाग घेणाऱ्या रुग्णाला द्यायचे संमतिपत्र घेऊ. भारतात ते रुग्णाला समजेल अशा भाषेत द्यावे लागते. मूळ मसुदा बहुधा इंग्रजीत असतो. त्यात अशी एक सूचना आहे असे समजू: पुढील त्रास झाल्यास गोळ्या थांबवा आणि डॉक्टरांना कळवा. हा त्रास कोणता, ते इंग्रजीत ‘फीव्हर ऑर रॅश विथ स्वेलिंग ऑफ द फेस’ अशा शब्दांत लिहिले आहे. चेहऱ्याची सूज फक्त पुरळाला जोडायची, की ताप आणि पुरळ दोन्हींना? इंग्रजीत ‘विथ’पासूनचे शब्द शेवटी येतात आणि ते मागच्या एका शब्दाला लागू आहेत की दोन्ही शब्दांना, हे उघडे राहते. मराठीत असे विशेषण नामाच्या आधी येते, त्यामुळे ते कुठे बसवायचे हे ठरवावेच लागते. ‘ताप आल्यास, किंवा पुरळ उठून चेहरा सुजल्यास’ हे एक वाक्य झाले. ‘चेहरा सुजून त्यासोबत ताप किंवा पुरळ आल्यास’ हे दुसरे. ‘ताप किंवा पुरळ आणि चेहऱ्यावर सूज आल्यास’ असे लिहून संदिग्धता मराठीतही टिकवता येते, पण मग निर्णय घेण्याचा भार आजारी माणसावर पडतो. नुसता ताप आलेल्या रुग्णाने गोळी घ्यायची की नाही, हे या एका सांध्यावर अवलंबून आहे. म्हणून इथे अंदाज चालत नाही.

मात्र प्रश्न पाठवण्याआधी मजकूर शेवटपर्यंत वाचून घ्यावा लागतो. उत्तर पुष्कळदा त्याच दस्तऐवजात सापडते: दुष्परिणामांच्या तक्त्यात ताप वेगळ्या ओळीत दिलेला असतो, किंवा रुग्णाला द्यायच्या छोट्या कार्डावर तीच सूचना सुटसुटीत मांडलेली असते. चाचणीचा आराखडा उपलब्ध असेल, तर तोही पाहावा. उत्तर तिथे मिळाले तरी नोंद करायचीच, फक्त ‘क्लायंटने सांगितले’ याऐवजी कोणत्या पानाच्या आधारे ठरवले ते लिहायचे. एवढे करूनही जे प्रश्न उरतात ते एकत्र करून एकाच यादीत पाठवावेत. दिवसातून पाच वेळा येणाऱ्या सुट्या प्रश्नांना उत्तर देणारा लवकर कंटाळतो, आणि कंटाळलेल्या माणसाचे उत्तर घाईचे असते.

‘हे वाक्य स्पष्ट करावे’ असा प्रश्न जवळजवळ निरुपयोगी असतो. लेखकाला वाक्य स्पष्टच वाटत असल्याने ‘आहे तसे भाषांतर करा’ असे उत्तर येते. क्लायंटला मराठी येत नसेल, तर मराठीतली अडचण समजावून सांगण्यातही अर्थ नाही. त्याऐवजी मूळ वाक्य जसेच्या तसे, पानाचा आणि आवृत्तीचा क्रमांक, दोन्ही अर्थ क्लायंटच्या भाषेत आणि एक प्रत्यक्ष प्रसंग द्यावा: रुग्णाला ताप आहे, पुरळ नाही, चेहरा सुजलेला नाही. त्याने गोळ्या थांबवायच्या का? ‘हो’ म्हटले की पहिला अर्थ, ‘नाही’ म्हटले की दुसरा. असा प्रश्न वाचणाऱ्याला आपल्या वाक्यातली फट आपोआप दिसते. अनुवादकाला कोणता अर्थ अधिक संभवनीय वाटतो आणि उत्तर कधीपर्यंत हवे, हेही सोबत लिहिलेले बरे.

उत्तर कोणी दिले याला उत्तराइतकेच वजन आहे. अनुवादक आणि मसुदा लिहिणारा यांच्यामध्ये अनुवाद-संस्था, चाचणी राबवणारी कंपनी आणि औषध कंपनी अशी साखळी असते. अनुवाद-सेवांसाठीचे आयएसओ १७१०० हे २०१५ चे मानक अनुवादकाने शंका प्रकल्प-व्यवस्थापकाकडे मांडावी असे सांगते. ती तिथून पुढे सरकली पाहिजे. मधल्या एखाद्या भाषातज्ज्ञाने ‘पहिला अर्थ बरोबर वाटतो’ असे कळवणे म्हणजे दुसरा अंदाज झाला. ताप आल्यावर औषध थांबवायचे की नाही, हे चाचणीची वैद्यकीय जबाबदारी असलेल्या व्यक्तीनेच सांगायला हवे. उत्तर फोनवर आले, तर त्याच दिवशी ‘फोनवर ठरल्याप्रमाणे’ असे लिहून मेल पाठवावी आणि त्यावर होकार घ्यावा.

वैद्यकीय अधिकाऱ्याने ‘नुसता तापही पुरेसा’ असे कळवले असे धरू. नोंदीच्या तक्त्यात मग एक ओळ भरली जाते: प्रश्नाचा क्रमांक, मूळ वाक्य आणि त्याची जागा, दोन्ही अर्थ, विचारल्याची तारीख, उत्तर देणाऱ्याचे पद व उत्तराची तारीख, निर्णय आणि शेवटचे मराठी वाक्य. नाकारलेला अर्थही लिहून ठेवायचा, कारण पुढे शंका काढणारा नेमका तोच घेऊन येतो. संमतिपत्राचा मराठी अनुवाद पडताळणीसाठी पुष्कळदा पुन्हा इंग्रजीत उलटवला जातो. तपासणाऱ्याला त्यात मूळ रचना दिसत नाही, आणि तो चुकीचा शेरा मारतो. नोंद दाखवली की वाद तिथेच मिटतो. ती नसेल, तर बरोबर वाक्य ‘सुधारून’ बिघडवले जाण्याची भीती असते. काही महिन्यांनी नवी आवृत्ती येते आणि ती दुसऱ्याच अनुवादकाच्या हातात पडते, तेव्हाही हाच तक्ता कामी येतो. हिंदी, गुजराती, तेलुगू अनुवादकांनाही हाच पेच पडलेला असतो, म्हणून उत्तर सगळ्या भाषांना एकदम कळवावे.

मात्र हा निर्णय त्या दस्तऐवजातल्या त्या वाक्यापुरताच असतो. संगणकाच्या अनुवाद-स्मृतीत वाक्य साठवले, की दुसऱ्या औषधाच्या कागदपत्रात ते आपोआप पुढे येते, आणि तिथे सूज दोन्हींना लागू असू शकते. साठवलेल्या वाक्याला प्रश्नाचा क्रमांक टिपणीत जोडलेला असला, तर पुढचा अनुवादक थांबून पाहतो.

इंग्रजी वाचणारा रुग्णही याच वाक्यात अडकू शकतो. म्हणून खरी दुरुस्ती मूळ मसुद्यात व्हायला हवी. चाचणीच्या कागदपत्रात तिला नवा आवृत्ती-क्रमांक, तारीख आणि नीतिशास्त्र समितीची मान्यता लागते. त्याला वेळ लागतो, पण ती सुचवणे प्रश्न विचारणाऱ्याच्याच हातात असते.

मुदत संपेपर्यंत उत्तर आले नाही, तर अनुवाद देताना कोणता अर्थ गृहीत धरला आहे हे सोबतच्या पत्रात ठळकपणे लिहावे आणि तक्त्यातली ओळ ‘अनुत्तरित’ म्हणून उघडी ठेवावी. रुग्णाच्या सुरक्षिततेचा प्रश्न असेल, तर तो कागद छापायला जाऊ नये असेही स्पष्ट कळवावे.

काही वाक्ये मात्र प्रश्न विचारूनही सोडवायची नसतात. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेच्या १९६७ सालच्या २४२ क्रमांकाच्या ठरावात इस्रायलने व्याप्त प्रदेशांतून सैन्य मागे घ्यावे असे आहे. सगळ्या प्रदेशांतून की काही, हे इंग्रजी शब्दांनी उघडे ठेवले, तर फ्रेंच पाठ ‘त्या प्रदेशांतून’ असा वाचला जातो, आणि त्यावरून दीर्घ वाद झाला. वाटाघाटींतून आलेल्या मजकुरात संदिग्धता हीच तडजोड असू शकते. अशा वेळी क्लायंटचे उत्तर ‘ती तशीच ठेवा’ असे येते, आणि तेही नोंदवायचे असते. मृत्युपत्राची गोष्ट आणखी वेगळी. ‘धाकट्या मुलाला व मुलीला’ यात मुलगीही धाकटीच का, हे सांगणारा हयात नसतो, आणि अनुवाद करून घेणारा अनेकदा वारसांपैकीच एक असतो. त्याचे उत्तर घेऊन अर्थ ठरवला, तर अनुवादक वाटणीत शिरतो. तिथे दोन्ही अर्थ शाबूत राहतील असा अनुवाद करून तळटीप द्यायची, आणि अर्थ लावण्याचे काम न्यायालयावर सोडायचे.