आयात-पर्यायीकरण आणि निर्यातप्रधान विकास : औद्योगिकीकरणाचे दोन मार्ग

१. उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपणांस पुढील गोष्टी स्पष्ट करता येतील :
• आयात-पर्यायीकरण व निर्यातप्रधान विकास या संकल्पनांमधील भेद.
• आयातशुल्काचा उद्योजकाच्या निर्णयावर होणारा परिणाम.
• भारत व दक्षिण कोरिया यांच्या अनुभवांतील महत्त्वाचा फरक.

२. प्रस्तावना

दुसऱ्या महायुद्धानंतर स्वतंत्र झालेल्या अनेक देशांपुढे एकच प्रश्न उभा होता. कच्चा माल विकायचा आणि पक्का माल विकत घ्यायचा, हे वसाहतकालीन चक्र मोडून स्वतःचे कारखाने कसे उभारावेत? अर्जेंटिनाचे अर्थतज्ज्ञ राउल प्रेबिश यांनी १९४९-५० च्या सुमारास असे प्रतिपादन केले की, शेतमाल व खनिजे यांच्या किमती कारखानदारी मालाच्या तुलनेत दीर्घकाळात घसरत जातात. म्हणून केवळ कच्च्या मालाच्या निर्यातीवर विसंबणारा देश मागेच राहतो. यातून जो मार्ग सुचला तो आयात-पर्यायीकरणाचा. जी वस्तू आपण बाहेरून आणतो तिला देशातच पर्याय निर्माण करायचा, आणि तो पर्याय सक्षम होईपर्यंत परदेशी मालाला शुल्काने किंवा बंदीने रोखायचे. निर्यातप्रधान विकासात मात्र कारखान्याची बाजारपेठ आरंभापासून परदेशात शोधली जाते.

एक मार्ग संरक्षणाचा आणि दुसरा खुल्या व्यापाराचा, अशी या दोहोंची विभागणी पुष्कळदा केली जाते. ती अपुरी आहे. प्रस्तुत घटकात तिची तपासणी करावयाची आहे.

३. संरक्षणाचे अंकगणित

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, जागतिक बाजारात विजेच्या एका पंख्याची किंमत १०० रुपये आहे आणि त्याला लागणारे सुटे भाग ६० रुपयांचे आहेत. उरलेले ४० रुपये हे कारखान्यात झालेले मूल्यवर्धन होय. त्यातूनच मजुरी, व्याज व नफा निघतो.

आता सरकारने आयात पंख्यावर ५० टक्के आणि आयात सुट्या भागांवर २० टक्के शुल्क बसवले. बाहेरचा पंखा देशात १५० रुपयांना पडू लागला, म्हणून देशी कारखानदारही १५० पर्यंत किंमत लावू शकतो. त्याच्या सुट्या भागांचा खर्च ७२ रुपये झाला. म्हणजे देशात विकलेल्या प्रत्येक पंख्यामागे त्याच्या हाती ७८ रुपये राहतात. नाममात्र संरक्षण ५० टक्के दिसत असले, तरी ४० रुपयांचे मूल्यवर्धन ७८ वर गेल्यामुळे प्रत्यक्षातील संरक्षण ९५ टक्के ठरते.

हाच पंखा त्याने परदेशी पाठवला तर? तेथे किंमत १०० रुपयेच मिळणार, सुटे भाग मात्र ७२ रुपयांचेच. हाती उरतात २८ रुपये. घरच्या बाजारात ७८ आणि बाहेर २८ असा हिशेब असताना कोणता व्यवहारी कारखानदार निर्यातीचा विचार करील? आयातीवरील शुल्क हे अशा रीतीने निर्यातीवरील अप्रत्यक्ष कर बनते. त्यामुळे निर्यात खुंटण्याचे कारण उद्योजकांच्या वृत्तीत शोधण्याआधी ते या अंकगणितात शोधले पाहिजे.

४. भारताचा अनुभव

१९५१ च्या उद्योग (विकास व नियमन) अधिनियमाने कारखाना काढण्यास व वाढविण्यास परवाना आवश्यक केला. १९५६ मध्ये सुरू झालेल्या दुसऱ्या पंचवार्षिक योजनेने अवजड उद्योगांवर भर दिला. या धोरणाने बरेच काही साधले. पोलाद, यंत्रसामग्री व औषधे देशात बनू लागली. पिंपरी येथील हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा पेनिसिलिनचा कारखाना याच काळातला. कुशल तंत्रज्ञांची एक पिढी अशा कारखान्यांतून घडली.

परंतु संरक्षणाला मुदत नव्हती आणि परवान्यांमुळे देशांतर्गत स्पर्धाही रोखली गेली होती. मॉरिस ऑक्सफर्डच्या बांधणीवर आधारलेली अँबॅसडर १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात रस्त्यावर आली आणि बाह्यरूपात फारसा बदल न होता २०१४ पर्यंत बनत राहिली. आकुर्डीच्या बजाज स्कूटरसाठी ग्राहकाने पैसे भरून वर्षानुवर्षे थांबावे, अशी स्थिती होती. संरक्षण निष्फळ होऊ लागल्याची खूण अशीच ओळखावी : ग्राहक रांगेत असतो आणि वस्तू मात्र सुधारत नाही. १९५० च्या सुमारास जागतिक निर्यातीत भारताचा वाटा सुमारे २ टक्के होता; १९८० च्या दशकात तो अर्ध्या टक्क्याच्या आसपास आला.

५. दक्षिण कोरियाचा अनुभव

कोरियानेही आयात मोकळी सोडली नव्हती. परदेशी मोटारींना तेथे दीर्घकाळ मज्जाव होता. फरक होता तो संरक्षणाच्या मोबदल्यात काय मागितले गेले, यात.

१९६४ मध्ये कोरियन चलनाचे मोठे अवमूल्यन झाले. डॉलरमागे सुमारे १३० वॉन मिळत, ते सुमारे २५५ मिळू लागले. निर्यात मालासाठी लागणाऱ्या आयात भागांवर शुल्कमाफी देण्यात आली. आपल्या उदाहरणात यामुळे निर्यातदाराचे २८ रुपये पुन्हा ४० होतात. तरीही देशातील ७८ रुपयांचे आकर्षण उरतेच. ते तोलण्यासाठी निर्यातदारांना स्वस्त व्याजाची कर्जे दिली गेली, कंपन्यांना निर्यातीची लक्ष्ये ठरवून देण्यात आली आणि राष्ट्राध्यक्ष पार्क चुंग-ही स्वतः नियमित बैठकांत प्रगतीचा आढावा घेत. १९६४ मध्ये १० कोटी डॉलरवर पोहोचलेली निर्यात १९७७ मध्ये १,००० कोटी डॉलर झाली.

ह्युंदाईची पोनी मोटार हे याचे बोलके उदाहरण. तिचे आरेखन इटलीचे, इंजिनाचे तंत्र जपानच्या मित्सुबिशीचे. स्वदेशीपणाच्या कसोटीवर ती अँबॅसडरहून फार वेगळी नव्हती. परंतु १९७५ च्या अखेरीस उत्पादन सुरू झाल्यावर पुढच्याच वर्षी मोजक्या गाड्या इक्वेडोरला गेल्या. परक्या ग्राहकाला परवान्याची भीड नसते. गाडी बिघडली की तो दुसरीकडे वळतो. १९८६ मध्ये अमेरिकेत गेलेल्या एक्सेलची आरंभी प्रचंड विक्री झाली, मग दर्जाच्या तक्रारींनी कंपनीचे नाव खालावले आणि ते सावरण्यास तिला अनेक वर्षे लागली. घरच्या सुरक्षित बाजारात हा धडा मिळाला नसता.

६. मर्यादा

या यशाची किंमतही ध्यानात घ्यावी. कामगार संघटना दडपल्या गेल्या. कंपन्यांनी कर्जाचे डोंगर उभे केले आणि १९९७ च्या संकटात त्यांपैकी कित्येक कोसळल्या. शिवाय अमेरिकेची बाजारपेठ त्या काळी कोरियाला खुली होती. आज जागतिक व्यापार संघटनेचे नियम निर्यात-अनुदानांना बहुतांशी मनाई करतात, त्यामुळे तीच साधने जशीच्या तशी वापरता येत नाहीत.

७. समारोप

दोन्ही देशांनी उद्योगांना संरक्षण दिले. भारतात ते परवानाधारकाचा हक्क बनले, तर कोरियात ते कामगिरीच्या अटीवर दिलेले कर्ज ठरले. म्हणून कोणत्याही संरक्षणाबाबत तीन प्रश्न विचारावेत : ते किती काळ? कोणत्या मापाने तपासले जाणार? आणि माप न गाठल्यास ते काढून घेण्याचे बळ शासनात आहे काय?

८. स्वयंअध्ययनासाठी प्रश्न

१. वरील उदाहरणात सुट्या भागांवरील शुल्क शून्य केल्यास देशातील व निर्यातीतील मूल्यवर्धन किती होईल? (उत्तर : अनुक्रमे ९० व ४० रुपये.)
२. 'कोरियाचा मार्ग हा खुल्या व्यापाराचा मार्ग होता', या विधानाचे परीक्षण करा.