पहिल्या क्रमांकाचं गणित

सर्च इंजिनमध्ये ‘पासपोर्ट नूतनीकरण’ असं टाकलं की हजारो पानं जुळतात, आणि वाचणारा पहिली चार-पाचच बघतो. त्यामुळे यंत्राने शिकायचा असतो तो पानांचा क्रम. एखादं पान एकटंच किती चांगलं आहे, या प्रश्नाला इथे फारसा अर्थ नाही.

मायक्रोसॉफ्ट रिसर्चमधले ख्रिस बर्जेस आणि त्यांचे सहकारी यांनी घडवलेली ‘लॅम्डामार्ट’ ही पद्धत नेमकी याच विचारावर उभी आहे. माणसं आधी प्रत्येक पानाला 0 ते 4 अशी श्रेणी देतात. समजा, सरकारी पानाला 3 मिळाले आणि एजंटच्या जाहिरातीला 0. सध्याच्या क्रमात जाहिरात पहिली, सरकारी पान दुसरं. दोघांची अदलाबदल केली, तर क्रमाचा दर्जा मोजणाऱ्या डीसीजी या मापात सुमारे 2.58 ची भर पडते. हीच जोडी नवव्या-दहाव्या जागी असती, तर भर जेमतेम 0.08. म्हणून वरच्या चुकीसाठी पद्धत जोरात ढकलते, खालच्या चुकीसाठी हलकेच. ही सगळी ढकलाढकली एका छोट्या निर्णयवृक्षाला शिकवतात. उरलेली चूक पुढचा वृक्ष दुरुस्त करतो, आणि असे शेकडो वृक्ष एकापाठोपाठ एक रचले जातात.

वृक्षांना खाद्य लागतं ते फीचर्सचं, म्हणजे मोजता येणाऱ्या गोष्टींचं: शीर्षकात शोधशब्द किती, पानाकडे दुवे किती. मायक्रोसॉफ्टने 2010 मध्ये खुल्या केलेल्या माहितीसंचात अशी 136 फीचर्स आहेत. निवडीची पहिली कसोटी साधी आहे: एकाच शोधाच्या निकालांत हे फीचर फरक दाखवतं का? शोधात किती शब्द आहेत, हा आकडा सगळ्या पानांना सारखाच. एकट्याने तो क्रम हलवू शकत नाही. दुसऱ्या फीचरच्या जोडीला मात्र तो कामाचा ठरतो. लांब शोधात शब्द जुळण्याचे गुण आपोआप वाढतात, आणि किती गुणांना चांगलं म्हणायचं हे वृक्षाला त्याच्यामुळे कळतं. त्याहून सरळ उपाय म्हणजे त्या शोधातल्या सर्वोत्तम पानाच्या तुलनेत गुण देणं. नुसता लॉग घेऊन काही होत नाही. वृक्ष फक्त लहान-मोठं बघतो, आणि लॉगने ते बदलत नाही.

सर्वांत फसवं फीचर क्लिकचं. पान वर होतं म्हणून क्लिक झालं, की चांगलं होतं म्हणून? परीक्षेत अशा फीचरने गुण एकदम उसळले तर मी आधी संशय घेईन. ते काढून पुन्हा शिकवावं आणि मॉडेलने कधीच न पाहिलेल्या शोधांवर तपासावं. एका शोधाची काही पानं शिकवणीत आणि काही परीक्षेत गेली, तर त्या गुणांवर विसंबता येत नाही. शिवाय काल प्रसिद्ध झालेल्या पानाचे क्लिक शून्य असतात. ते वेगळं हाताळलं नाही, तर पान कितीही नेमकं असलं तरी खालीच राहतं, आणि खाली राहिल्यामुळे त्याला क्लिकही मिळत नाहीत.