थर्मास चहा गरम का ठेवत नाही?

तळीये गावात लावणीच्या दिवसांत चहा थर्मासातून बांधावर जातो. तो तासाभरात कोमट होऊ लागला, की दोष बहुधा बुचाला दिला जातो. बुचाची रबरी चकती सैल असेल तर वाफ निसटते, हे खरे; पण ती बदलूनही फरक पडला नाही, तर बिघाड भिंतीत आहे.

थर्मासाला दोन भिंती असतात आणि त्यांच्यामधली हवा उपसून काढलेली असते. जेम्स देवार यांनी 1892 मध्ये अशी बाटली केली, तीही अतिथंड द्रव वायू साठवण्यासाठी. हवेचे कण नसले की उष्णता पलीकडे नेणारे कोणी उरत नाही. किरणांनी निसटणारी उष्णता काचेवरचा चांदीचा मुलामा परतवतो.

गंमत अशी, की अर्धवट पोकळी फारशी कामाची नाही. हवा शंभरावा भाग उरली तरी ती जवळजवळ पूर्वीइतकीच उष्णता वाहते, कारण कण कमी झाले तरी प्रत्येक कण न अडखळता अधिक लांब जातो. म्हणून पोकळी फार कडक लागते, आणि सांध्यातली केसाएवढी फटही ती घालवायला पुरते. स्टीलचा थर्मास आपटला की सांधा उघडू शकतो. काचेच्या बाटलीचे बुडाशी असलेले टोक तुटते.

ओळखायला उकळते पाणी भरून दहा मिनिटांनी बाहेरून हात लावा. फक्त तोंडाजवळ ऊब असेल तर ठीक, तिथे दोन्ही भिंती जोडलेल्याच असतात. पोट तापले असेल तर पोकळी गेली. काचेची आतली बाटली बदलून मिळते. स्टीलची घरी दुरुस्त होत नाही.